अक्षरमालिका सोडवताना या चुका टाळा: सुटलेली अक्षरे, आळीपाळीच्या उड्या आणि उलट्या जोड्या

पोलीस भरती असो, तलाठी असो किंवा बँकेची परीक्षा, बुद्धिमत्ता चाचणीत अक्षरमालिकेचे प्रश्न असतातच. त्यात चुकणाऱ्या बऱ्याच मुलांना नियम सापडलेला असतो. उत्तर चुकते ते शेवटच्या पायरीवर, आणि त्या चुकीतून येणारे अक्षर बहुतेक वेळा पर्यायांत मांडून ठेवलेले असते. आपले उत्तर पर्यायांत दिसले म्हणजे ते बरोबर, असे म्हणूनच धरता येत नाही.

मधली अक्षरे मोजली, पण उडी समजून मिळवली

B, E, I, N, ? ही मालिका घ्या. B आणि E यांच्या मध्ये C, D ही दोन अक्षरे सुटली आहेत. E आणि I यांच्या मध्ये तीन, I आणि N यांच्या मध्ये चार. म्हणजे आता पाच अक्षरे सुटणार. इथपर्यंत सगळे ठीक आहे. मग घाईत N च्या क्रमांकात, म्हणजे 14 मध्ये, 5 मिळवले जातात आणि 19 म्हणजे S असे उत्तर येते. पण पाच अक्षरे सोडायची तर उडी सहाची लागते. O, P, Q, R, S सोडून T.

सुटलेली अक्षरे नेहमी उडीपेक्षा एकाने कमी असतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, एकाच प्रश्नात त्या मिसळणे चूक आहे. आमचा सल्ला असा की मधली अक्षरे मोजायचीच नाहीत. प्रत्येक अक्षराखाली त्याचा क्रमांक लिहा आणि फरक काढा: 2, 5, 9, 14 यांतले फरक 3, 4, 5, पुढचा 6, म्हणून 20, म्हणजे T. क्रमांक पटकन आठवण्यासाठी E, J, O, T, Y म्हणजे 5, 10, 15, 20, 25 एवढे पाठ असले तरी पुरते. कोणतेही अक्षर यांपैकी एखाद्यापासून दोन पावलांच्या आतच सापडते. A आणि B तेवढी बाहेर राहतात, आणि त्यांचे क्रमांक कुणाला शोधावे लागत नाहीत.

दोन फरक जुळले की थांबणे

A, B, D एवढ्यावरून नियम ठरत नाही. फरक 1, 2, 3 असे वाढत असतील तर पुढे G येईल. 1, 2, 4 असे दुप्पट होत असतील तर H येईल. चौथे अक्षर पाहिल्याशिवाय यांतले काहीही धरू नका. नियम सापडला असे वाटल्यावर दिलेल्या सगळ्या अक्षरांवर तो लावून पाहा.

एक मालिका की दोन?

D, T, G, R, J, P, M, ? इथे लागोपाठचे क्रमांक 4, 20, 7, 18, 10, 16, 13 असे आहेत. फरक +16, −13, +11, −8, +6, −3 असे वरखाली होतात. फरकांची चिन्हे अशी आलटून पालटून येऊ लागली की एक घर सोडून वाचा. D, G, J, M ही तीनने चढणारी मालिका आहे आणि T, R, P ही दोनने उतरणारी.

इथवर बरेच जण पोहोचतात. मग नजरेत शेवटी वाचलेली D, G, J, M राहते आणि तीच पुढे नेऊन P लिहिले जाते. प्रश्नचिन्ह मात्र आठव्या जागेवर आहे. सम जागांवर T, R, P आहेत, म्हणून उत्तर N. यावर उपाय अगदी साधा आहे: अक्षरांच्या वर 1, 2, 3 असे जागांचे आकडे टाका आणि प्रश्नचिन्हाची जागा सम आहे की विषम ते आधी ठरवा.

याउलट B, D, G, I, L, N, ? मध्ये फरक +2, +3, +2, +3, +2 असे आहेत. ही आळीपाळीच्या उड्यांची एकच मालिका मानली तरी Q येते, आणि B, G, L व D, I, N अशा पाच-पाचच्या दोन मालिका मानल्या तरी Q च येते. दोन स्थिर उड्या आळीपाळीने येतात तेव्हा हे दोन्ही मार्ग नेहमीच जुळतात, त्यामुळे कोणता खरा यात वेळ घालवू नका. दुसरा मार्ग पडताळणीसाठी वापरा.

उलट्या जोड्या: सर्वांत जास्त गुण इथे जातात

जोड्या दिल्या की पहिली अक्षरे वेगळी आणि दुसरी अक्षरे वेगळी वाचायची, असे शिकवले जाते. AB, DC, EF, HG, ? मध्ये ते चालते: A, D, E, H यांचे फरक +3, +1, +3, म्हणून पुढे I. दुसरी अक्षरे B, C, F, G यांचे फरक +1, +3, +1, म्हणून पुढे J. उत्तर IJ.

आता DW, TG, JQ, ? पाहा. पहिली अक्षरे 4, 20, 10. दुसरी 23, 7, 17. उभ्या वाचनातून काहीच हाती लागत नाही, आणि बरेच जण इथेच प्रश्न सोडून देतात. अशा वेळी जोडीच्या आत पाहायचे. 4 आणि 23 ची बेरीज 27, 20 आणि 7 ची 27, 10 आणि 17 ची 27. म्हणजे प्रत्येक जोडीत विरुद्ध अक्षरे आहेत, वर्णमालेत पुढून जितकावे एक, मागून तितकावे दुसरे. प्रत्येक जोडीतले लहान क्रमांकाचे अक्षर उचला: D, G, J. तीनची उडी, पुढे M, आणि M चे विरुद्ध N.

उत्तर MN की NM? पर्यायांत दोन्ही असतात. पहिली जोडी सरळ आहे, दुसरी उलटी, तिसरी सरळ. चौथी उलटी हवी, म्हणून NM. अक्षरे शोधणे आणि त्यांचा क्रम ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. प्रत्येक जोडीखाली बाणाने सरळ किंवा उलटी अशी खूण केली की दुसरे काम राहून जात नाही.

विरुद्ध अक्षर काढताना क्रमांक 27 मधून वजा करायचा. अक्षरे 26 म्हणून 26 मधून वजा केला तर H चे विरुद्ध R येते, खरे उत्तर S आहे. कच्च्या कामाच्या कागदावर सुरुवातीलाच हे दोन ओळींत लिहून ठेवा, वर-खाली पाहिले की जोडी मिळते:

```
A B C D E F G H I J K L M
Z Y X W V U T S R Q P O N
```

तीन अक्षरांच्या गटात मधल्या अक्षरापासून सुरुवात करा, कारण गट उलटला तरी ते जागचे हलत नाही. BDF, LJH, NPR, ? मध्ये मधली अक्षरे D, J, P, फरक सहा, पुढे V. गटात दोन-दोनचे अंतर आहे, म्हणून T, V, X. चौथा गट उलटा, म्हणून XVT.

Z ओलांडताना

X च्या पुढे चार म्हणजे 28. त्यातून 26 वजा केले की 2, म्हणजे B. मागे जाताना गडबड जास्त होते. C च्या मागे पाच म्हणजे −2. शून्य म्हणजे Z, −1 म्हणजे Y, −2 म्हणजे X. −1 ला Z धरले की उत्तर एकाने सरकते. त्यामुळे उणे आकडा आला की त्यात सरळ 26 मिळवा: 24, म्हणजे X.