पॅनेलपुढे जाणाऱ्या प्रोफाइलमध्ये वर्षं किंवा पद चुकलंय? दुरुस्ती करताना या चुका टाळा

महापे, रबाळे, तळोजा या पट्ट्यात कन्सल्टन्सीमार्फत नोकरी शोधणाऱ्या बहुतेकांना वाटतं की आपला सीव्ही जसाच्या तसा पॅनेलपुढे जातो. तसं नसतं. रिक्रूटर तुमच्या सीव्हीवरून आणि फोनवरच्या बोलण्यावरून एक छोटा सारांश तयार करते. त्यात एकूण अनुभव, संबंधित अनुभव, सध्याचं पद, आधीच्या कंपन्या, पगार आणि नोटीस पीरियड एवढंच असतं. हा मजकूर एक्सेलच्या एका ओळीत किंवा सीव्हीच्या वर जोडलेल्या पानावर येतो. दिवसाला पाच-सहा मुलाखती घेणारे पॅनेलवरचे लोक आधी तेच वाचतात, आणि ते तुम्हाला दाखवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी नाही.

म्हणून पहिली गोष्ट, मुलाखतीची वेळ ठरली की हा सारांश मागून घ्या. "मॅडम, पॅनेलला जाणारी माझी प्रोफाइल एकदा पाठवाल का? तारखा आणि पद तपासून लगेच परत करते," एवढं म्हटलं तरी बहुतेक जण पाठवतात. फॉरमॅट क्लायंटचा आहे, बाहेर देता येत नाही, असं उत्तर आलं तर फक्त कंपनी, पद आणि तारखा या तीन रकान्यांतला मजकूर मागा. त्याला सहसा कोणी नाही म्हणत नाही.

एक उदाहरण

समजा, एम.एस्सी. झालेली क्यूसी केमिस्ट आहे. कळव्याला राहते. जुलै २०१६ ते जून २०१७ रबाळ्याच्या एका कंपनीत तिने अप्रेंटिसशिप केली. जुलै २०१७ ते मार्च २०२० महाप्याच्या लॅबमध्ये काम केलं, पण पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या पेरोलवरून होता. जून २०२० पासून ती तळोज्यात आहे. तिथे ऑफिसर म्हणून लागली आणि एप्रिल २०२३ मध्ये सीनिअर ऑफिसर झाली. आता मार्च २०२५ संपलाय आणि ठाण्यातल्या एका औषध कंपनीत मुलाखत ठरली आहे. जाहिरातीत अट आहे किमान आठ वर्षांची.

रिक्रूटरच्या सारांशात असं आलं: एकूण अनुभव ८.०, सध्याच्या कंपनीत ४.१, सध्याचं पद एक्झिक्युटिव्ह क्यूसी, आधीची कंपनी म्हणून महाप्याच्या कंपनीचं नाव.

वरवर सगळं ठीक दिसतं. आठ वर्षांची अट, आणि आकडा बरोबर आठ! म्हणूनच तो कोणी पुन्हा तपासत नाही. प्रत्यक्षात या चारही ठिकाणी चूक आहे.

आकडे कसे बिघडले ते आधी बघू. जून २०२० ते मार्च २०२५ म्हणजे ४ वर्षं १० महिने. रिक्रूटरने ते ४.१० असं टाइप केलं. एक्सेलला तो साधा दशांश वाटतो, त्यामुळे शेवटचं शून्य गळून ४.१ राहतं. वाचणाऱ्याला ते ४ वर्षं १ महिना वाटतं. इथेच नऊ महिने गेले. महाप्याची २ वर्षं ९ महिने २.९ झाली आणि अप्रेंटिसशिपचं वर्ष १ म्हणून धरलं गेलं. १, २.९ आणि ४.१ यांची बेरीज ८.० येते. महिन्यांचा हिशेब धरला तर नोकरीचा काळ होतो ७ वर्षं ७ महिने, आणि अप्रेंटिसशिपचं एक वर्ष वेगळं. म्हणजे एकीकडून नऊ महिने कमी झाले, दुसरीकडून नोकरीत न मोडणारे बारा महिने आत आले.

पदाची चूक वेगळ्या कारणाने होते. औषध कंपन्यांमध्ये ऑफिसर, सीनिअर ऑफिसर, एक्झिक्युटिव्ह या पायऱ्यांचा क्रम सगळीकडे सारखा नसतो. ठाण्याच्या कंपनीत त्या कामाच्या माणसाला एक्झिक्युटिव्ह म्हणत असतील, तर रिक्रूटर पॅनेलला समजावं म्हणून तुमचं पद त्यांच्या पायरीत बसवून लिहिते. हेतू वाईट नसतो. पण तुमच्या प्रमोशन लेटरवर सीनिअर ऑफिसर आहे, आणि पडताळणी करणारी एजन्सी पत्रावरचे शब्द बघते.

चूक पहिली: नवा सीव्ही पाठवून गप्प बसणं

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच. चूक लक्षात आली की उमेदवार "अपडेटेड सीव्ही" जोडून मेल करतो आणि काम झालं असं समजतो. सारांश मात्र सीव्हीवरून एकदाच, वेगळा टाइप केलेला असतो. नवा सीव्ही आला म्हणून तो बदलत नाही. उलट पॅनेलपुढे सारांशात एक आणि सीव्हीत दुसरंच, असं चित्र तयार होतं, आणि शंका रिक्रूटरवर नाही, तुमच्यावर घेतली जाते.

दुरुस्ती ओळीवर बोट ठेवूनच करावी लागते: काय लिहिलंय, काय हवं, कशाच्या आधारावर. वरच्या उदाहरणातली मुलगी मुलाखतीच्या निरोपाच्या त्याच मेलवर असं उत्तर देऊ शकते:

"नमस्कार मॅडम, प्रोफाइल पाहिली. चार ठिकाणी बदल हवा आहे.
१. एकूण अनुभव ८.० आहे, तिथे '७ वर्षं ७ महिने, शिवाय १ वर्ष अप्रेंटिसशिप' असं अक्षरी लिहावं.
२. सध्याच्या कंपनीत ४.१ आहे, तिथे '४ वर्षं १० महिने, जून २०२० पासून' हवं.
३. सध्याचं पद एक्झिक्युटिव्ह आहे, तिथे 'सीनिअर ऑफिसर क्यूसी, एप्रिल २०२३ पासून. त्याआधी ऑफिसर' हवं. प्रमोशन लेटर जोडलं आहे.
४. जुलै २०१७ ते मार्च २०२० माझा पगार पुरवठादार कंपनीच्या पेरोलवर होता, कामाची जागा महापे. दोन्ही नावं यावीत.
आधीची प्रत पॅनेलकडे गेली असल्यास ती बदलून नवी पाठवावी आणि बदल झाल्यावर मला कळवावं. धन्यवाद."

वर्षं अक्षरी लिहायला सांगणं महत्त्वाचं आहे. ४.१० पुन्हा त्याच रकान्यात टाकलं तर ते पुन्हा ४.१ होणार. "४ वर्षं १० महिने" हा मजकूर एक्सेल बदलत नाही.

हे फोनवर सांगून सोडू नका. रिक्रूटर एका वेळी अनेक जागांवर काम करत असते. "हो, करते" म्हणते आणि पुढच्या फोनमध्ये ते मागे पडतं. फोन जरूर करा, पण मेल पाठवल्यानंतर, आणि मेल पाहिला का एवढंच विचारायला.

चूक दुसरी: फायद्याची चूक तशीच ठेवणं

इथे मला ठामपणे सांगावंसं वाटतं. वरच्या उदाहरणात खरा आकडा आठच्या खाली जातो. ४.१ चं ४.१० करून घ्यावं आणि एकूण आठकडे दुर्लक्ष करावं, असा मोह होणं स्वाभाविक आहे. तसं करू नका. सात वर्षं सात महिन्यांच्या माणसाला, त्यावर अप्रेंटिसशिपचं वर्ष दिसत असताना, पॅनेल बोलावू शकतं. अट किती ताणायची हे ठरवणं त्यांच्या हातात असतं. पण पडताळणी अनेकदा ऑफर स्वीकारल्यावर, जुन्या नोकरीचा राजीनामा दिल्यावर होते. तेव्हा फरक निघाला तर दोन्हीकडच्या नोकऱ्या अडचणीत येतात, आणि "रिक्रूटरने लिहिलं होतं" हे उत्तर फारसं चालत नाही.

चूक तिसरी: पुरावा न पाहता आठवणीतून तारखा देणं

ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन केल्यावर View खाली Service History मध्ये प्रत्येक कंपनीची रुजू होण्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. दुरुस्तीचा मेल लिहिण्याआधी ते पान उघडा. मात्र त्याच्या मर्यादा ओळखून वाचा. अप्रेंटिसशिप कायद्याखालचा काळ तिथे दिसत नाही, कारण अशा अप्रेंटिसचा पीएफ कापला जात नाही. त्या वर्षासाठी अप्रेंटिसशिपचं प्रमाणपत्रच लागतं. पेरोल दुसऱ्या कंपनीचा असेल तर तिथे त्या कंपनीचंच नाव येतं. चौथी दुरुस्ती म्हणूनच गरजेची. सारांशात फक्त महाप्याचं नाव राहिलं तर पडताळणीत ती नोकरी सापडतच नाही. आणि कधी कधी जुन्या कंपनीने सोडल्याची तारीखच भरलेली नसते. अशा वेळी रिलीव्हिंग लेटरवरची तारीख द्या.

पद मात्र पीएफच्या नोंदीत मिळणार नाही. त्यासाठी नेमणुकीचं पत्र, प्रमोशन किंवा इन्क्रिमेंट लेटर आणि रिलीव्हिंग लेटर बघा. पत्रावर ऑफिसर असेल आणि तुम्ही प्रत्यक्षात शिफ्टमधल्या चार जणांचं काम बघत असाल, तर पदाच्या जागी ऑफिसरच लिहा आणि कामाच्या वर्णनात "शिफ्टमधल्या चार विश्लेषकांच्या कामाची देखरेख" अशी ओळ टाकून घ्या. अनुभव लपत नाही आणि पदही फुगत नाही.

उशीर झाला असेल तर

सारांश आधीच पॅनेलकडे गेला असेल आणि रिक्रूटरकडून बदल झाल्याचं उत्तर आलं नसेल, तर मुलाखतीला दुरुस्त केलेल्या तारखांचं एक पान प्रिंट करून न्या. अनुभवाबद्दल पहिला प्रश्न येईल तेव्हाच सांगा: "सर, प्रोफाइलमध्ये एकूण आठ वर्षं आणि एक्झिक्युटिव्ह असं आलंय. माझा अनुभव सात वर्षं सात महिने आहे, शिवाय एक वर्ष अप्रेंटिसशिप, आणि पद सीनिअर ऑफिसर. रिक्रूटरना मी मेल केला आहे." पान पुढे ठेवा आणि पुढच्या प्रश्नाकडे वळा. चूक कशी झाली, कोणी केली, याचं स्पष्टीकरण मागितल्याशिवाय देऊ नका; मुलाखतीचा वेळ त्यात जातो.

निवड झाली तर एचआरकडून पडताळणीचा फॉर्म येतो. त्यात कंपन्यांची नावं, तारखा आणि पदं त्याच मेलमधून उतरवा, पुन्हा आठवून लिहू नका. ऑफर लेटरमध्ये जुनाच आठ वर्षांचा आकडा आला असेल, तर सही करण्याआधी एचआरला तो मेल पुढे पाठवून दुरुस्त पत्र मागून घ्या.