पोरगं घरात गप्प आणि शाळेत दंगा: आपलं पालकपण कुठल्या खान्यात बसतं ते कसं बघायचं आणि कसं बदलायचं

माझ्याकडे बेळगावच्या वडगावात संध्याकाळी ट्यूशनला पोरं येतात, आणि खाली जी गोष्ट सांगतेय ती आमच्याच घरातली, माझ्या जावेच्या पोराची. सातवीपर्यंत मराठी मीडियम, आठवीला इंग्लिश मीडियमला टाकला. दोन महिन्यांत डायरीत तीन रिमार्क आले, वही अपुरी, मागच्या बाकावर गडबड, कन्नडच्या तासाला बाहेर उभा. भाऊजी उद्यमबागेत फाउंड्रीत, शिफ्टवरनं आले की आधी आवाज चढायचा मग हात. आजी त्याच रात्री गुपचूप मोबाईल द्यायची, "लेकरू रडलंय, बघू दे की जरा". जावेचं म्हणणं असं की एक कडक एक मऊ, म्हणजे बॅलन्स झालाच की. खरं तसं होत नाही, कारण पोराला त्यातनं दोनच गोष्टी कळतात, बाबांना कळू द्यायचं नाही आणि आजीपुढं रडायचं.

हे नीट समजायला थोडी थिअरी लागते, थोडीच. कॅलिफोर्नियातल्या डायना बॉमरिंड यांनी 1966-67 च्या सुमारास बालवाडीच्या वयाच्या मुलांच्या घरांवरनं पालकांचे तीन प्रकार मांडले, नंतर 1983 ला मॅकोबी आणि मार्टिन यांनी दोन मापं धरून त्याचे चार केले. एक माप म्हणजे घरात नियम आहेत का आणि ते पाळून घेतले जातात का, दुसरं म्हणजे पोराचं ऐकलं जातं का, माया दिसते का. दोन्ही असेल तर ऑथोरिटेटिव्ह. नियम आहेत खरं ऐकणं नाही, ते ऑथोरिटेरियन. माया भरपूर, नियम ढिले, ते परमिसिव्ह. दोन्ही नाही ते निग्लेक्टफुल. पहिल्या दोघांची नावं इतकी सारखी आहेत की लोक हमखास गोंधळतात, म्हणून मी ट्यूशनच्या पालकांना "ऐकून घेणारा कडक" आणि "न ऐकणारा कडक" असंच सांगते.

आता पहिलं काम. एक आठवडा रोजची फक्त एकच खटपट वहीत लिहायची, चार ओळीत: मी काय सांगितलं, तो काय म्हणाला, मी काय केलं, शेवटी झालं काय. स्वतःबद्दल मत लिहायचं नाही, घडलं तेवढंच, कारण "मी कशी आहे" असं विचारलं तर सगळ्याच आया स्वतःला प्रेमळ आणि शिस्तीच्या म्हणतात. आठवडा झाला की प्रत्येक नोंदीपुढं दोन खुणा करायच्या, सांगितलेलं शेवटी पाळलं गेलं का, आणि त्याचं बोलणं पूर्ण ऐकलं का. जावेच्या वहीत सात दिवसांत पाच वेळा नियम मोडलाच होता, आणि त्याचं कारण एकदाही लिहिलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. म्हणजे घर कडक वाटत होतं खरं कागदावर ते निग्लेक्टफुलच्या जवळ जात होतं, ती बघून गप्पच झाली. दुर्लक्ष म्हणजे आईबाप वाईट असं नव्हे, शिफ्ट, शेती, आजारपण यातनंही ते येतं.

दुसरं काम ऐकायचं, आणि हे नियम लावायच्या आधी. "वही अपुरी का?" असं विचारलं की पोरगं खांदे उडवतं, म्हणून कारण न विचारता प्रसंग विचारायचा: कन्नडचा तास सुरू झाला, मग काय होतं? दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी भाकरी खाताखाता बोलला की टीचर फळ्यावर लिहितात ते माझं अर्धं उतरवून होतं तोवर पुसतात, मग मी मागं बसून पोरांना हसवतो. वर एवढं बोलला, "मला कन्नड येणारच नाही." आता हे वाक्य महत्त्वाचं, कारण इथं दंगा आणि आत्मविश्वास एकाच जागी सापडतात.

खरं दरवेळी ते एकत्र नसतात. 1991 ला अमेरिकेत विस्कॉन्सिन आणि कॅलिफोर्नियातल्या 14 ते 18 वयाच्या सुमारे 4,100 मुलांचा अभ्यास आला, त्यात ऑथोरिटेटिव्ह घरातली मुलं दोन्ही बाबतीत बरी निघाली आणि दुर्लक्षित सगळ्यात मागं. मधली दोन बघा. न ऐकणाऱ्या कडक घरातली मुलं शाळेत सांगितलेलं करणारी, खरं स्वतःबद्दल मत कमी. परमिसिव्ह घरातली स्वतःवर खूश, खरं शाळेतली बेशिस्त जास्त. म्हणून "शाळेतनं कंप्लेंट नाही" यावर निश्चिंत होऊ नका. गणित सुरू करायच्या आधीच "येत नाही" म्हणणं, पेपर लपवणं, एक ओळ चारदा खोडणं, ही आतल्या भीतीची लक्षणं असू शकतात, डायरीत ती येत नाहीत.

तिसरं काम, एकच नियम. सहा नव्हे. आम्ही ठरवला, रात्री साडेनऊला सगळ्यांचे मोबाईल फ्रिजवर, भाऊजींचासुद्धा. कारण सांगितलं, झोप झाली नाही तर सकाळी फळा उतरवायला हात चालत नाही. त्याला मत दिलं ते एका गोष्टीत, कन्नडची दहा मिनिटं जेवणाआधी की नंतर, त्यानं आधी घेतली. मोडला तर काय तेही आधीच ठरलं, दुसऱ्या दिवशी मोबाईल नाही, बास. मार नाही, आणि अबोला पण नाही. "तुझ्यामुळं मला तोंड दाखवायला जागा नाही" ही वाक्यं शिस्तीची वाटतात खरं ती शिस्त नव्हे, नियम वागण्यावर असतो आणि हा वार पोराच्या मनावर असतो.

चौथ्या दिवशी मोडला. रडारड, दार आपटणं, आणि चाळीस मिनिटांनी आजी फोन घेऊन उभी. इथंच बहुतेक घरं हरतात, कारण चाळीस मिनिटांनी दिलात तर पोरगं "चाळीस मिनिटं ओरडलं की मिळतंय" एवढंच शिकतं, उद्या पन्नास मिनिटं ओरडेल. पहिल्या आठवड्यात त्रागा वाढतो, त्यावरनं नियम चुकला असं समजू नका. आजीला आम्ही "देऊ नका" असं नाही सांगितलं, तिला काम दिलं, दहा मिनिटं त्याच्या शेजारी बसून त्याच्याकडनं कन्नड वाचून घ्यायचं. ती चिकोडीकडची, तिला कन्नड फक्कड येतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं!

एक सावधगिरी. हे सगळे संबंध आहेत, गणित नव्हे. पोराचा स्वभाव पण आईबापाला ओढतो, हट्टी पोरापुढं शांत माणूस पण कडक होतो. आणि सगळीकडं एकच माप लागत नाही, 1994 ला रूथ चाओ यांनी चिनी आयांबद्दल दाखवलं की बाहेरून हुकूमशाही वाटणाऱ्या शिस्तीत माया आणि मेहनत घेणं पण असतं. आपल्याकडच्या "बस, वाच, मी इथंच आहे" म्हणणाऱ्या आईला मी तरी लगेच ऑथोरिटेरियन म्हणणार नाही. वहीतली दुसरी खूण बघायची, ऐकलं का. आणि पोरगं जेवण टाकायला लागलं, जगणं नको असं बोललं, तर ही वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे.

चौथं काम शाळेचं. जाव जाऊन टीचरना भेटली, तक्रार न करता एवढंच मागितलं की त्याला पुढच्या बाकावर बसवा आणि फळा पुसायच्या आधी एकदा विचारा. सहा आठवड्यांनी डायरीत एकच रिमार्क, तो पण पीटीच्या तासाचा. डिक्टेशनला वीसपैकी अकरा. भाऊजींनी पेपर बघून तोंड उघडलं, मग मिटलं, आणि विचारलं, "यातले कुठले कठीण गेले रे?" पोरगं आधी आजीकडं बघून घेतलं, मग उत्तर दिलं.