दिवाळीत गावी जाताना कोणते दिवे चालू ठेवायचे, कोणते बंद करायचे?

दिवाळीत घर बंद करून निघताना ‘एवढे दिवस दिवे चालू ठेवले तर बिल किती येईल?’ असा प्रश्न हमखास निघतो. एलईडीच्या बाबतीत ती काळजी सोडा. कंदिलातला 9 वॅटचा बल्ब रोज चार तास असा चार रात्री जळला, तरी पाव युनिटसुद्धा होत नाही. खरा प्रश्न आहे मागे राहिलेल्या घरात काही बिघडलं तर बटण बंद करायला कोण आहे, हा.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातलं दुसऱ्या मजल्यावरचं घर. लक्ष्मीपूजन आटोपून पाडव्याला पहाटे कोकणात निघायचं, चार रात्रींनी परत. गॅलरीत आकाशकंदील, ग्रिलवर दोन माळा, दारावर लायटिंगचं तोरण, देवघरात विजेची समई आणि उंबऱ्याशी पणत्या.

पणत्यांचा निर्णय सोपा आहे: पेटती ज्योत मागे ठेवून कुलूप लावायचं नाही. निघायच्या दिवशी पणती लावायचीच असेल तर चमचाभरच तेल घाला आणि ती शांत झाल्यावर निघा. देवघरातली विजेची समई चालू ठेवावी असं पुष्कळांना वाटतं. पण ती बहुधा लाकडी देव्हाऱ्यात, कापसाच्या वाती आणि कापराच्या डबीशेजारी असते. मी तरी ती बंद करीन.

ग्रिलवरच्या माळांकडे मात्र नीट लक्ष द्या. या माळांची वायर बारीक असते आणि जोड कित्येकदा नुसते चिकटपट्टीने गुंडाळलेले असतात. दिवाळीत परतीच्या पावसाची एखादी सर आली की पाणी त्या जोडात शिरतं आणि थोडी वीज ग्रिलकडे गळू लागते. मग घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आपलं काम करतो आणि पडतो. बऱ्याच घरांत तो सगळ्या घराला मिळून एकच असतो. त्यामुळे माळेबरोबर फ्रीजही बंद होतो आणि चार दिवसांनी दार उघडताच नासलेल्या दुधाचा वास येतो. जुन्या घरात आरसीसीबीच नसेल तर त्याहून वाईट: ग्रिलला शॉक येऊ शकतो.

म्हणून दोन्ही माळा आणि तोरण बंद. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण त्या बटणाने एकच तार तुटते, दुसरी जोडलेलीच राहते. ओल्या माळेमुळे तेवढ्यानेही आरसीसीबी पडू शकतो. पिन बोर्डातून उपसून ठेवा. मेन स्विच बंद करण्याचा मोह आवरा, फ्रीज त्याच्यावरच आहे.

राहिला कंदील. गॅलरीला छप्पर असेल, आत एलईडी बल्ब असेल आणि होल्डरची वायर अखंड, बिनजोडाची असेल, तरच तो चालू ठेवावा. कागदी कंदिलात जुना पिवळा बल्ब असेल तर बदला, नाहीतर बंद ठेवा. तो बल्ब इतका तापतो की टेकलेला कागद करपतो. आदल्या संध्याकाळी कंदील चार तास लावा. मग बंद करून पिन काढा आणि तिला हात लावून पाहा. पिन गरम लागली किंवा बोर्डापाशी जळका वास आला तर कंदीलही बंद.

तो चोवीस तास जळता ठेवू नका. भर दुपारी उजळलेला कंदील म्हणजे घरात कोणी नाही अशी पाटीच. इलेक्ट्रिकच्या दुकानात तबकडीचा टायमर मिळतो. तबकडीच्या कडेला पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या असतात. साडेसहा ते साडेदहापर्यंतच्या सोळा खुंट्या दाबा, तबकडी फिरवून आत्ताची वेळ लावा आणि बाजूची कळ ‘कायम चालू’वर नाही ना, ते बघा. तासभर वीज गेली तर हा टायमर तासभर मागे पडतो, एवढं लक्षात असू द्या. अंधार पडताच लागणारा सेन्सरचा होल्डर कंदिलात नको. आतल्या बल्बचाच उजेड त्याला दिवस वाटतो आणि दिवा लुकलुकत राहतो.

आणखी एक टायमर मिळाला तर तो हॉलमधल्या टेबललॅम्पला लावा, कंदिलाच्या वेळेहून अर्धा तास पुढेमागे.

किल्ली शेजारच्या काकूंकडे द्या, बरोबर फराळाचा डबा जाईलच. त्यांना घरातल्या विजेच्या मुख्य बोर्डातला आरसीसीबी बोटाने दाखवून ठेवा. कंदील संध्याकाळी लागला नाही आणि आरसीसीबी पडलेला दिसला, तर आधी कंदिलाची पिन काढायची, मगच तो वर करायचा. तरीही राहिला नाही तर पुन्हा पुन्हा ढकलू नये. फ्रीजमधलं दूध आपल्या घरी न्यावं आणि तुम्हाला फोन करावा.