तोरणमाळचा हनिमून: या चुका टाळा

आमच्या खान्देशात बरीच लग्नं उन्हाळ्यात होतात. हळद, लग्न, सत्यनारायण, मग वणीच्या गडावर देवीदर्शन. चार-पाच रात्री नवरा-नवरी धड झोपलेली नसतात आणि तशीच आपण त्यांना फिरायला पाठवतो. पहिली चूक हीच. घरचे विधी उरकल्यावर दोन दिवस जाऊ द्या, मग निघा.

माझ्या धाकट्या दिराने अमळनेरहून मांडू, इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर असा पाच दिवसांचा बेत आखला होता. लग्नाआधी दोघं चारदाच भेटलेली. रोज नवी खोली, रोज बॅगा भरायच्या, मग बोलायचं कधी? मी बसून बेत बदलायला लावला: तोरणमाळ, एकच खोली, तीन रात्री. दोंडाईचा-शहाद्यामार्गे गाडीने जाता येतं. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असल्याने जळगाव तापत असतानाही तिथली रात्र सुसह्य असते. मे महिन्यात सीताखाईचा धबधबा कोरडा असतो, पण मला ते सोयीचंच वाटलं. धावपळ करून बघायला काही नाही. दुपारी झोपायचं, संध्याकाळी यशवंत तलावाकाठी चालायचं.

पहिल्याच रात्री सगळं झालं पाहिजे, हे ओझं मित्रांच्या चेष्टेतून येतं. पहिली रात्र दोघांनी सरळ झोपून काढली तर काही बिघडत नाही. खरा संकोच असतो तो बाथरूमचा. खोलीला लागूनच बाथरूम, आवाज ऐकू येतो, म्हणून नवी मुलगी पोट दाबून बसते. हे मी दिराला आधीच सांगितलं होतं. तो सकाळी चहा घेऊन अर्धा तास बाहेर व्हरांड्यात बसायचा. तिने विचारलं, "अहो, बाहेर का बसलात?" तो म्हणाला, "तुझं आवरू दे निवांत." घरी आल्यावर हे तिनेच मला सांगितलं, डोळ्यांत पाणी होतं.

तारखा ठरवताना मुलीची पाळी कोणी विचारत नाही. नवरा विचारणार नाही, सासूला ती सांगणार नाही. जावेनं किंवा नणंदेनं बुकिंगआधी विचारावं. पाळी लांबवायच्या गोळ्या पाळीच्या तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात आणि त्या सगळ्यांना चालत नाहीत. त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारायचं. त्यापेक्षा तारीख पुढे सरकवणं सोपं.

आणखी एक गोष्ट लाजेपायी कोणी बोलत नाही. नव्याने संबंध सुरू झाले की बऱ्याच मुलींना लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. प्रवासात लघवी अडवून ठेवली, पाणी कमी प्यायलं की त्रास वाढतो. भरपूर पाणी प्यायचं आणि संबंधानंतर लगेच लघवीला जाऊन यायचं. तरी जळजळ सुरू झालीच तर घरी पोहोचेपर्यंत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप, थंडी किंवा कमरेच्या वर पाठीत दुखू लागलं तर घाट उतरून त्याच दिवशी शहाद्याला डॉक्टर गाठा.