मॉडेल सिंगल प्रिसिजनवर नेताय? या चुका टाळा

हवामानाचं मॉडेल ६४ बिटच्या डबल प्रिसिजनवरून ३२ बिटच्या सिंगलवर आणलं की मेमरी जवळपास अर्धी लागते आणि रन बराच लवकर संपतो. हे करणं चुकीचं अजिबात नाहीये, ईसीएमडब्ल्यूएफ या युरोपियन सेंटरने २०२१ मध्ये आपलं फोरकास्ट मॉडेल सिंगलवर नेलं आणि वाचलेला वेळ एन्सेम्बलच्या, म्हणजे थोड्या वेगळ्या सुरुवातींनी चालवलेल्या अनेक रनच्या, उभ्या लेव्हल्स ९१ वरून १३७ करण्यात वापरला. फक्त अचूकता नेमकी कुठे जाते हे बहुतेक लोक भलत्याच जागी शोधतात. एका प्रोग्रामरची गोष्ट सांगते, त्यातून नीट कळेल.

तिने सगळे व्हेरिएबल real(4), म्हणजे ३२ बिटचे, केले, दहा दिवसांचा रन लावला आणि जुन्या डबलच्या रनशी नकाशे जुळवून बघितले. पहिले काही दिवस सेम टू सेम, मग दहाव्या दिवशी कमी दाबाचा पट्टा दुसरीकडेच! तिला वाटलं संपलं, सिंगलच्या सात आकड्यांमध्ये हवामान बसत नाही. ही पहिली चूक, दोन रन एकमेकांशी पॉइंट टू पॉइंट जुळवायचे नाहीत. वातावरण केऑटिक आहे, सुरुवातीचा बारीकसा फरकही वाढतच जातो. मग तिने डबलच्याच रनमध्ये सुरुवातीच्या तापमानाच्या शेवटच्या आकड्यांना हलकासा धक्का दिला, तर तो रनसुद्धा दहाव्या दिवशी तितकाच भरकटला. म्हणजे नकाशातला फरक प्रिसिजनचा पुरावाच नव्हता. तुलना करायची ती खऱ्या निरीक्षणांशी, बऱ्याच तारखांवर, आणि तिथे सिंगल आणि डबलची चूक सारखीच निघाली.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि दुसरी चूक हीच, फक्त छोट्या रनवर पास म्हणायचं. तिने पुढे पूर्ण सीझनचा रन लावला. हवा ठीक, पाऊस ठीक, पण जमिनीतल्या सगळ्यात खालच्या थराचं तापमान २८५ केल्विनवर जे बसलं ते हललंच नाही. वरून उष्णता येत होती, फ्लक्स शून्य नव्हता, डबलमध्ये तोच थर ५० दिवसांत एक डिग्री तापत होता.

कारण साधं आहे पण डोळ्यांना दिसत नाही. ३२ बिटमध्ये २५६ ते ५१२ च्या मधले आकडे साधारण ०.००००३०५ च्या अंतरावर असतात, त्यामुळे २८५ मध्ये याच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे ०.००००१५३ पेक्षा, कमी मिळवलं तर राउंडिंग होऊन उत्तर परत २८५ च येतं. तिचा थर दिवसाला ०.०२ डिग्री तापणार होता, टाइम स्टेप ६० सेकंद, म्हणजे दिवसाला १४४० स्टेप, म्हणजे एका स्टेपला ०.००००१३९. प्रत्येक वेळी पूर्ण वाढ गायब. स्वतः चालवून बघा:

```fortran
program mati
  real(4) :: t
  integer :: n
  t = 285.0
  do n = 1, 72000
    t = t + 0.0000139
  end do
  print *, t
end program
```

५० दिवसांच्या ७२००० स्टेपनंतरही २८५ च छापून येतं. `t` ला real(8) करा, २८६ च्या किंचित वर जाईल.

हा आजार ओळखायची खूण मला फार महत्त्वाची वाटते: टाइम स्टेप मोठी केली की उत्तर सुधारतं. एरवी उलटं व्हायला हवं ना? तिने ३०० सेकंद घेतले तर एका स्टेपची वाढ ०.००००६९४ झाली, ती राउंड होऊन ०.००००६१ उरली आणि थर ५० दिवसांत ०.८८ डिग्री तापला. पूर्ण बरोबर नाही, पण हलला तरी. दुसरी तपासणी म्हणजे वाढ शून्य नसताना नवं तापमान जुन्याशी तंतोतंत सारखं असलेले किती पॉइंट आहेत ते प्रत्येक थरात मोजायचं, खोल थरात हा आकडा मोठा दिसला की समजायचं.

आता तिसरी चूक, घाबरून पूर्ण मॉडेल परत डबलवर नेणं. गरज नाही, ईसीएमडब्ल्यूएफनेही निवडक भागच डबलमध्ये ठेवलेत. तिने फक्त मातीच्या तापमानाचा साठा डबलमध्ये ठेवला, फ्लक्सचं गणित सिंगलमध्येच राहू दिलं. तेही नको असेल तर २८५ बाजूला काढून फक्त त्यापासूनचा फरक साठवा, आकडा एकच्या आत असला की मधली अंतरं कितीतरी बारीक होतात आणि वाढ टिकते. गळालेला भाग वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपून पुढच्या स्टेपला मिळवायची काहानची पद्धतही चालते, पण कंपाइल करताना `-ffast-math` किंवा `-Ofast` लावलेलं असेल तर कंपायलर ती दुरुस्ती बीजगणिताने शून्य आहे असं धरून उडवून टाकू शकतो, तेव्हा त्या फाइलपुरते हे फ्लॅग काढा आणि वरच्या लूपमध्ये ही पद्धत घालून तो परत चालवून बघा.