लहानपणचं स्वयंपाकघर कागदावर कसं उतरवावं: नाक, कान आणि हात वापरून

‘फोडणीचा खमंग वास घरभर दरवळत असे.’ लहानपणच्या स्वयंपाकघराबद्दल लिहायला बसलं की पहिलं वाक्य हमखास असं काहीतरी येतं. माझंही हेच आलं होतं. त्यात खोटं काही नाही, पण त्यात माझं स्वयंपाकघरही नाही. कुणाच्याही घरात ते वाक्य चपखल बसेल.

मला लिहायचं होतं गिरगावातल्या चाळीतल्या आमच्या आतल्या खोलीबद्दल. साल १९७८ च्या आसपासचं. गॅससाठी नंबर लावून ठेवलेला होता आणि तो लागायला अजून बरीच वर्षं होती. बुटक्या ओट्यावर पंपाचा पितळी स्टोव्ह, कोपऱ्यात मोरी, मोरीशेजारी पाण्याचं पिंप. ही खोली कागदावर येईपर्यंत मी बऱ्याच चुका केल्या. त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने सांगते. तुमच्याकडे स्टोव्हऐवजी चूल असेल, शेगडी असेल. क्रम तोच राहील.

आधी पंधरा मिनिटं निवडा

‘आमचं स्वयंपाकघर’ हा विषय फार मोठा आहे. त्यात दिवाळी येते, आजारपणं येतात, पाहुणे येतात आणि सगळं धूसर होतं. म्हणून घड्याळाचा एक तुकडा कापून घ्या. मी घेतला तो असा: दुपारी चार वाजता आई स्टोव्ह पेटवते तिथपासून चहा गाळेपर्यंत.

मग तुम्ही त्या वेळी कुठे होतात ते ठरवा, आणि तेही उंचीसकट. मी पिंपाला पाठ टेकून पाटावर बसलेली असायचे. तिथून मला ओट्यावरचं काही दिसायचं नाही. दिसायचा तो ओट्याखालचा रॉकेलचा डबा, त्यात अडकवलेलं नरसाळं, उभी केलेली केरसुणी. हे लक्षात आल्यावर वासही बदलला. आईच्या उंचीला चहाचा वास होता, माझ्या उंचीला रॉकेलचा आणि मोरीचा. इतकी वर्षं मी आईच्या नाकाने आठवत होते.

रोजचा वास नको, हरवलेला शोधा

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. आठवणी जाग्या व्हाव्यात म्हणून मी तीन दिवस मोहरी-हिंगाची फोडणी करून वही घेऊन गॅसपाशी उभी राहिले. काहीही झालं नाही. कारण साधं आहे. फोडणी मी गेली चाळीस वर्षं रोज करते आहे. तो वास आता इतक्या घरांना, इतक्या दिवसांना चिकटला आहे की त्यातून नेमका एक दिवस वर येत नाही. आपल्याला हवा असतो तो वास त्या घरात असताना रोज भेटायचा आणि घर सुटल्यावर जवळजवळ भेटलाच नाही असा असावा लागतो.

माझा वास दवाखान्यात सापडला. इंजेक्शन देण्याआधी नर्सने स्पिरिटचा बोळा दंडावर फिरवला आणि मला एकदम काकडा आठवला. काकडा म्हणजे स्टोव्ह पेटवायचा तारेचा चिमटा, टोकाला कापड गुंडाळलेलं. तो स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरच्या मानेला लावायचा. माझ्या डोक्यात स्वयंपाकघराचा नंबर एकचा वास चहाचा होता. कुलूप उघडलं ते स्पिरिटने.

तुमच्याकडे असे वास वेगळे असतील. कल्हईवाला बसला की येणारा नवसागराचा धूर. साठवणीच्या तूरडाळीला चोळलेलं एरंडेल. गव्हाच्या डब्यातला वाळका कडुनिंब. शेगडीतल्या निखाऱ्यावर पाणी मारल्यावर उठणारी राखेची वाफ. दुभत्याच्या कपाटाचा आंबूसपणा. यातले बरेच वास फारसे चांगले नाहीत, आणि तीच सोय आहे: चांगले वास आपण पुढच्या घरांतही नेले, हे मागे राहिले.

वस्तू मिळाली तर ती एका डबीत घाला. डोळे मिटून दोन-तीन वेळा हुंगा आणि डबी लांब ठेवा. नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं, त्यामुळे हुंगत बसून उपयोग नसतो. (रॉकेल मात्र हुंगू नका, ते छातीला त्रास देतं.) आणि लगेच, विचार न करता, जे पहिलं आलं ते लिहा. वासाची खबर मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचते, म्हणून आधी चित्र येत नाही, काहीतरी वाटतं. मला ज्योत दिसली नाही. ‘मागे हो’ असं म्हणणारा आईचा आवाज आला आणि कपाळावर तिची बोटं लागली.

लिहिताना वासाचं कौतुक करू नका, तो कधी आला आणि कधी गेला ते सांगा. मराठीत वासाचे खरे कामाचे शब्द सुवास, दरवळ हे नव्हेत. खवट, कुबट, करपट, ओशट, आंबूस, कळकलेलं: यातला प्रत्येक शब्द पदार्थाचं काहीतरी झालं आहे हे सांगतो. तेल जुनं झालं, फडकं वाळलं नाही, दूध बुडाला लागलं. म्हणजे वासाबरोबर थोडी गोष्टही येते.

आवाजाने काय कळत होतं ते लिहा

आपल्याकडे आवाजाचे शब्द इतके आहेत की हात सैल सुटतो. चुर्र, तडतड, खदखद, रटरट असे ओळीने चार टाकले की पान वाजायला लागतं आणि ऐकू काहीच येत नाही. मी एक नियम केला: ज्या आवाजावरून घरातल्या कुणाला तरी काहीतरी कळत होतं, तोच ठेवायचा.

स्टोव्हचं बघा. काकड्याने बर्नर तापतो, तोवर चावी सैल असते. स्पिरिट संपत आलं की चावी आवळायची आणि पंप मारायचा. रॉकेल तापलेल्या नळीतून वर चढताना त्याची वाफ होते आणि ती निपलमधून निळी जळते, एकसारखा ‘सूंऽ’ आवाज करत. बर्नर पुरेसा तापायच्या आत पंप मारला तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं, भकभक करत पिवळा जाळ उठतो आणि पातेल्याचं बूड काळं होतं. निपलमध्ये काजळी अडकली की सूं तुटक होतो, मग पिन घालायची. आई बाहेरच्या खोलीत निवडण घेऊन बसलेली असली तरी त्या आवाजावरून ‘हवा कमी झाली गं’ म्हणायची. कागदावर मला हाच आवाज हवा होता, कारण त्यात आईचा कानही आला.

शिवाय स्टोव्ह चालू असताना आम्ही सगळे मोठ्याने बोलायचो. हे मला आवाजांची यादी करताना सुचलं नव्हतं. यादीसमोर ‘यात काय ऐकू येत नसे?’ असं लिहिल्यावर सुचलं.

रिकाम्या हाताने तेच काम करून बघा

वास आणि आवाज बघ्यालाही मिळतात. तुम्ही तिथे होतात हे हातांवरून कळतं. म्हणून लहानपणी तुम्हाला काय करायची मुभा होती ते आठवा. मला शेवटचे पाच पंप मारायला मिळायचे.

ते लिहिताना ‘पंप मारला’ याच्यापुढे मी जाईना. शेवटी उठून जमिनीवर बसले आणि हवेतच पंप मारायला लागले. उजवा हात पुढे-मागे जात होता आणि डावा आपोआप कशाला तरी दाबून धरत होता. टाकी! स्टोव्ह सरकू नये म्हणून मी डाव्या हाताने टाकी धरायचे, हे मला मुळीच आठवत नव्हतं, हाताला आठवत होतं. त्यापाठोपाठ बाकीचं आलं: वर जाळ असूनही टाकी गार लागायची, पितळेवर रॉकेलचा ओशट हात बसायचा, आणि दट्ट्याची बटणाएवढी मूठ तळहातात रुतून गोल वण उठायचा. पायाखाली शहाबादी फरशी, पिंपाजवळ कायम ओली.

तुमच्याकडे पाट्यावर चटणी वाटायची असेल, ताक घुसळायचं असेल, भाकरीचं पीठ मळायचं असेल, तर तशी बैठक मारा आणि दोन मिनिटं खरंच हात चालवा. दुसरा हात काय करतो तिकडे लक्ष ठेवा.

आता जोडा, पण थोडंच

गोळा झालेल्यातलं निम्म्याहून जास्त गाळावं लागतं. माझा परिच्छेद शेवटी असा झाला:

‘आईने काकडा बाटलीतून काढून बर्नरला लावला. नाकात काहीतरी गोड आणि गार शिरलं. “मागे हो,” म्हणाली आणि तिने माझे केस कपाळावरून वर सारले. तिच्या बोटांना रॉकेल होतं. ज्योत बसत आली तशी तिने चावी आवळली. “हं, पाचच.” मी डाव्या हाताने टाकी धरली. पहिले दोन सहज गेले, तिसऱ्याला मूठ तळहातात रुतली, पाचवा अर्ध्यावर अडला. एकदा भकभकलं, पिवळं, आणि मग सूं सुरू झाला. आता आईला काही सांगायचं तर ओरडायला लागणार. मी गप्प बसले.’

चहा अजून आलेलाच नाही. ‘माया’, ‘ऊब’ हे शब्दही नाहीत. पहिल्या खर्ड्यात दोन्ही होते.

मग घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा

मी दादाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘केस कुठले? त्या वर्षी उवा झाल्या म्हणून तुझं डोकं बारीक केलं होतं.’ म्हणजे कपाळावरची बोटं दुसऱ्या कुठल्यातरी वर्षाची होती आणि वासाने ती या दुपारला आणून चिकटवली. असं होतं. आठवण लख्ख आली म्हणजे ती जशीच्या तशी घडली असं नसतं, आणि वासाने आलेली आठवण तर इतकी खरी वाटते की शंकाच येत नाही. मी केस ठेवले आणि परिच्छेदाआधीचं ‘मी आठ वर्षांची होते’ काढून टाकलं. तुम्ही अमुक तारखेची हकिगत म्हणून लिहीत असाल तर मात्र केस काढावे लागतील. निदान वहीत तरी, आपलं काय आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं काय, हे पेन्सिलीने वेगळं करून ठेवा.

शेवट सापडत नसेल तर

त्या पंधरा मिनिटांतला सगळ्यात मोठा आवाज शोधा आणि तो थांबल्यावर काय ऐकू यायचं ते लिहा. चुलीच्या घरात तो फुंकणीचा असेल, कुठे जात्याचा. आमच्याकडे आई चावी सैल करायची, फुस्सकन हवा जायची, रॉकेलचा एक शेवटचा भपका यायचा आणि खोली एकदम रिकामी व्हायची. मग मोरीतल्या नळाची टिपटिप. भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडातला रेडिओ, जो बहुतेक मघापासून चालूच होता. आणि गाळणीतून कपात पडणारा चहा, आधी मोठी धार, मग थेंब थेंब.