लुंबिनीहून परतल्यावर फोन १५ मिनिटं पुढे? या चुका टाळा

आमच्या भागातून बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी करणाऱ्या बसा परत आल्या की गावोगावी एकच तक्रार ऐकू येते. फोनमधली वेळ घरच्या घड्याळाशी जुळत नाही. फरक नेहमी १५ मिनिटांचाच असतो, आणि तेवढा सहज नजरेआड होतो. एसटी चुकते किंवा अलार्म अवेळी वाजतो, तेव्हा कुठे ध्यानात येतं.

बोधगया, सारनाथ आणि कुशीनगर भारतात आहेत, लुंबिनी मात्र नेपाळात. भारताची वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे. नेपाळची १९८६ पासून पावणेसहा तास पुढे. सोनौलीची सीमा ओलांडली की घड्याळ १५ मिनिटं पुढे जातं. भारतभर मात्र वेळ एकच आहे. मेळघाटातून गुजरातला जा की गडचिरोलीहून ओडिशाला, झोन बदलत नाही. त्यामुळे देशातल्याच प्रवासानंतर वेळ चुकली असेल, तर झोनला दोष देऊ नका, कारण दुसरीकडे शोधा.

फोनच्या पोटात खरं तर यूटीसी चालू असते. पडद्यावर दिसते ती त्यात झोनचा फरक मिळवून आलेली वेळ. म्हणजे वेळ आणि झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फोन त्या वेगवेगळ्या वाटांनी मिळवू शकतो. बहुतेक चुका इथेच होतात.

झोन मुख्यतः टॉवरकडून कळतो. सिम टॉवरवर नोंदलं गेलं की कंपनीचं नेटवर्क फोनला एक छोटा निरोप पाठवू शकतं. त्यात यूटीसी असते आणि तिथला फरक पाव-पाव तासांच्या हिशेबात असतो. भारतासाठी २२ पाव तास, नेपाळसाठी २३. त्या निरोपात ‘काठमांडू’ किंवा ‘कोलकाता’ असं नाव नसतं. टॉवर स्वतःच्या देशाचा क्रमांकही सांगत असतो, भारतात ४०४ किंवा ४०५, नेपाळात ४२९. हे दोन्ही जुळवून फोन झोन ठरवतो. मात्र हा निरोप पाठवणं कंपनीवर बंधनकारक नाही, आणि तो साधारण नोंदणीच्या वेळी येतो. फोन टॉवरला नुसता दिसला, नोंदला गेला नाही, तर निरोप मिळत नाही.

दुसरी वाट लोकेशनची. अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनांत आपलं ठिकाण झोनच्या नकाशाशी ताडून पाहण्याची सोय आहे. त्यासाठी लोकेशन चालू असावं लागतं आणि ठिकाण नीट सापडावं लागतं. टिनाच्या छपराखाली, जिथे नेटही धड नाही, तिथे ते लवकर सापडत नाही. घरच्या वायफायवरून फोन इंटरनेटच्या घड्याळाशी वेळ जुळवतो खरा, पण ते घड्याळ फक्त यूटीसी सांगतं, झोन सांगत नाही. म्हणून सिम काढलेला फोन वायफायवर कितीही वेळ ठेवला तरी जुनाच झोन धरून बसू शकतो.

आता नेहमीची चूक पाहू. सीमेवर बसमधला कोणीतरी सांगतो, ‘घड्याळ १५ मिनिटं पुढे करून घ्या.’ मनगटावरच्या घड्याळासाठी हा सल्ला बरोबर आहे. फोनमध्ये मात्र त्यासाठी ऑटोमॅटिकचं बटण बंद करावं लागतं, आणि एकदा बंद केलेलं बटण आपण चालू करेपर्यंत बंदच राहतं. गावी परतल्यावर टॉवर योग्य निरोप देतो, पण फोन तो वापरत नाही.

माझ्या दुकानात एक मावशी फोन घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, “दादा, माहा मोबाइल १५ मिनिटं पुढं पयते, पाहून दे बरं.” सेटिंगमध्ये झोनच्या ओळीत `GMT+05:30` होतं, म्हणजे झोन भारताचाच होता. तरीही वेळ पुढे होती, कारण बसमध्ये कोणीतरी घड्याळच सरकवलं होतं. त्याच बसमधून आलेल्या त्यांच्या भाच्याचा फोनही १५ मिनिटं पुढे होता, पण त्याच्या ओळीत `GMT+05:45` होतं. त्याने लुंबिनीत नेपाळी सिम घेतलं होतं, झोन आपोआप बदलला होता. पुढे स्वतःचं सिम बंद ठेवून तो फक्त वायफायवर होता, त्यामुळे झोन परत यायला वाटच उरली नव्हती. पडद्यावर दोन्ही फोन सारखेच चुकलेले, दुखणं मात्र वेगवेगळं. म्हणून वेळेला हात लावण्याआधी ही ओळ वाचाच.

न वाचता केलेली दुरुस्ती किती महागात पडते, ते भाच्याच्याच फोनवर पाहा. समजा गावात सकाळचे १० वाजलेत. यूटीसी ४:३० आहे, फोन त्यात पावणेसहा तास मिळवून १०:१५ दाखवतोय. त्याने वेळ हाताने १०:०० केली, तर पडद्यावर बरोबर दिसेल, पण आत यूटीसी ४:१५ झाली. काही दिवसांनी त्याने स्वतःचं सिम चालू केलं आणि झोन भारताचा झाला, पण ऑटोमॅटिक वेळ मात्र बंदच राहिली, तर फोन चुकीच्या यूटीसीत साडेपाच तास मिळवेल. म्हणजे आता फोन १५ मिनिटं मागे. गावातून ७ ची एसटी सुटेल तेव्हा पडद्यावर ६:४५ असतील. पुढे चालणाऱ्या फोनने तुम्ही लवकर पोहोचता, मागे पडलेल्या फोनने गाडी जाते. शिवाय ज्या अ‍ॅपमध्ये दर ३० सेकंदांनी नवा कोड तयार होतो, त्याचे कोडही चुकीचे ठरतात, कारण ते यूटीसीवरून काढले जातात. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीला याने बाधा येत नाही.

दुरुस्ती सोपी आहे. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये `Date & time` उघडा आणि `Set time automatically` व `Set time zone automatically` ही दोन्ही बटणं चालू करा. नावं फोनच्या कंपनीनुसार थोडी वेगळी असतात, काही फोनांत दोन्हींसाठी एकच बटण असतं. आयफोनमध्ये `General`, मग `Date & Time`, मग `Set Automatically`. तिथे झोन सुधारला नाही, तर लोकेशन सर्व्हिसेसमधल्या `System Services` खाली `Setting Time Zone` चालू आहे का पाहा.

बटणं चालू असूनही झोन नेपाळचाच राहिला, तर आधी नेपाळी सिम काढा, आपलं सिम चालू करा. मग अर्धा मिनिट एअरप्लेन मोड लावून काढा, म्हणजे फोन टॉवरवर नव्याने नोंदला जाईल. सिग्नलची एकच काडी येत असेल, तर हे घरात करू नका. चौकात किंवा जिथे नेटवर्क भरवशाचं मिळतं तिथे करा. तरीही जमलं नाही, तर फक्त झोनचं ऑटोमॅटिक बंद करून यादीतून भारत निवडा. वेळेचं ऑटोमॅटिक चालूच राहू द्या.

लुंबिनीला निघणाऱ्यांनी दोन्ही बटणं चालू ठेवून जावं. रोमिंगही नाही आणि नेपाळी सिमही नाही, तर तिथे फोन अनेकदा भारताचीच वेळ दाखवत राहील. अशा वेळी बसची वेळ चुकू नये म्हणून काही बदलायचंच असेल, तर यादीतून काठमांडूचा झोन निवडा, तास-मिनिटांना हात लावू नका. सोनौलीत रोमिंग चालू असेल, तर फोन कधी या देशाचा टॉवर पकडतो, कधी त्या देशाचा. तिथे वेळ मागेपुढे झाली तरी काही करू नका. सीमेपासून दूर आलात की एकाच देशाचे टॉवर मिळतात आणि वेळ स्थिरावते.